विषय : फेरविचार करणेबाबत

जुलै उजाडला की प्रवेशाच्या कार्यालयांत एका विशिष्ट घडणीचे अर्ज यायला लागतात. विषय सगळ्यांचा एकच, फेरविचार. सुरुवातही बहुतेकांची एकच असते. मी एका गरीब शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी असून, किंवा माझे वडील हृदयविकाराने आजारी असून, किंवा लहानपणापासून अभियंता होण्याचे माझे स्वप्न असून. त्यानंतर दीड पान घरची परिस्थिती, मग दोन ओळी विनंती आणि अगदी तळाशी, सहीच्याही खाली, 'सोबत : कागदपत्रे'. कोणते कागद, किती, कुठल्या तारखेचे, याचा पत्ता नाही. एखाद्या अर्जाला स्थानिक आमदारांचं शिफारसपत्र टाचलेलं असतं, आणि ते मात्र सगळ्यांत वर.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेश विभागातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. असे अर्ज त्यांनी नोकरीभर वाचले. "अर्जात आधी माणूस असतो आणि कागद शेवटी असतो," ते म्हणाले. "मला उलटं हवं असतं. त्या मुलाची दया येत नाही असं नाही हो. पण दयेवर टिपणी लिहिता येत नाही."

त्यांच्या या शेवटच्या वाक्यात सरकारी कामाची अख्खी रीत आहे. अर्ज लिहिणाऱ्याला वाटतं, आपण साहेबांना पत्र लिहितोय. प्रत्यक्षात साहेबांपुढे अर्ज जातो तो त्याच्यावर लिहिलेल्या टिपणीच्या खाली दबून. लिपिक अर्ज वाचतो आणि टिपणीच्या कागदावर चार-पाच वाक्यं लिहितो: अर्जदार कोण, आधी काय निर्णय झाला, आता नवं काय आलं, नियम काय म्हणतो, मान्य करावं की करू नये. अधीक्षक त्याखाली आपलं मत आणि सही टाकतात, मग कागद वर सरकतो. निर्णय घेणारा ती चार-पाच वाक्यं वाचतो. म्हणजे चांगल्या अर्जाचं काम एवढंच, की लिपिकाला ती वाक्यं जशीच्या तशी उचलता यावीत. अर्ज क्रमांक, नाकारल्याची तारीख, बदललेला कागद, त्या कागदावरची तारीख आणि नियमाचा क्रमांक. हे पाच तुकडे पहिल्या परिच्छेदात सापडले तर टिपणी दहा मिनिटांत होते. ते शोधावे लागले तर अर्ज 'उद्या बघू'च्या गठ्ठ्यात जातो, आणि फेऱ्यांचं वेळापत्रक उद्यासाठी थांबत नाही.

हे नीट कळावं म्हणून एका मुलीची फाइल उघडून दाखवतो. ही मुलगी एकच नाही. दोन-तीन मुलांच्या कागदांवरून मी ती जुळवली आहे, गुण आणि तारखाही उदाहरणासाठी बेतल्या आहेत. त्यामुळे गाव शोधायला जाऊ नये.

मुलगी इतर मागास प्रवर्गातली. बारावी विज्ञान, राज्य मंडळ. भौतिकशास्त्र ४१, रसायनशास्त्र ४४, गणित ४६. बेरीज ३०० पैकी १३१, म्हणजे ४३.६७ टक्के. अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी आपल्याकडे सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण लागतात ते उंबरठा ओलांडण्यापुरते. तो उंबरठा खुल्या प्रवर्गाला या तीन विषयांत मिळून ४५ टक्के आहे आणि महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के. मुलीची सीईटी बरी गेली होती. ४० टक्के तर ती आरामात ओलांडत होती, त्यामुळे घरात कुणाला काळजी नव्हती.

गोची दुसऱ्याच कागदात होती. इतर मागास प्रवर्गाचा लाभ घ्यायचा तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांच्या जोडीला उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. बोलताना सगळे त्याला 'नॉन क्रिमीलेअर'च म्हणतात. जातीचा दाखला आयुष्यभराचा असतो, पण नॉन क्रिमीलेअरला मुदत असते आणि ती ३१ मार्चला संपते. प्रवेशासाठी ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. मुलीच्या हातातलं प्रमाणपत्र याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेलं. वडिलांना ते जूनमध्ये लक्षात आलं आणि १८ जूनला त्यांनी सेतू केंद्रात नव्यासाठी अर्ज टाकला. पोचपावती मिळाली. नियमाप्रमाणे ती पावती प्रवेशअर्जाला जोडली असती तर तात्पुरतं भागलं असतं, कारण प्रमाणपत्र प्रलंबित असेल तर अर्जाची पावती चालते, मूळ प्रमाणपत्र नंतर ठरावीक तारखेपर्यंत दाखवायचं असतं. पण अर्ज मुलीनं मैत्रिणीकडे बसून मोबाइलवर भरला. तिच्याकडे जुन्या प्रमाणपत्राचा फोटो होता, तो तिनं चढवला. पावती वडिलांच्या शर्टाच्या खिशात राहिली.

छाननीत प्रमाणपत्र मुदतबाह्य निघालं. प्रवर्ग रद्द होऊन मुलगी खुल्यात आली. आणि खुल्यात आल्याबरोबर उंबरठा ४० वरून ४५ वर गेला. १३१ गुण, अपात्र. एका चुकीच्या फोटोनं आरक्षण गेलं आणि आरक्षणाबरोबर पात्रताही गेली. तात्पुरत्या गुणवत्ता यादीनंतर तक्रार नोंदवायला तीन-चार दिवस असतात. ते दिवस "सर्व्हर डाउन असेल, उद्या दिसेल नाव" म्हणत गेले.

दरम्यान आणखी एक धागा चालू होता. भौतिकशास्त्रात ४१ हे मुलीला पटलेलं नव्हतं. निकालानंतर मंडळाकडे तीन गोष्टी मागता येतात आणि पालक त्या तिन्ही एकमेकींत मिसळतात. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात, दिलेल्या गुणांना हात लावत नाहीत. छायाप्रत म्हणजे आपल्या उत्तरपत्रिकेची नक्कल. आणि पुनर्मूल्यांकन म्हणजे उत्तर पुन्हा तपासणं. पुनर्मूल्यांकन मागायचं तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते, आणि ती हातात पडल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. या पाच दिवसांत विषयशिक्षकाकडून प्रत तपासून घ्यायची असते. बरीच मुलं इथंच हुकतात, कारण छायाप्रत येते सुट्टीत आणि सर असतात गावी.

या मुलीचे सर भेटले. भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची. तीन गुणांच्या प्रश्नांच्या विभागातलं एक उत्तर पुरवणीच्या मागच्या पानावर होतं, त्यावर ना गुण ना रेघ. चार गुणांच्या एका उत्तरात सूत्राची मांडणी पूर्ण होती, शेवटची आकडेमोड चुकलेली, आणि गुण फक्त एक. सरांनी दोन्हींखाली प्रश्नक्रमांक आणि पृष्ठक्रमांक लिहून दिला. पुनर्मूल्यांकनात पहिल्याचे तीन मिळाले आणि दुसऱ्याचे एकाचे तीन झाले. ४१ चे ४६. बेरीज १३६, म्हणजे ४५.३३ टक्के.

इथं थोडं मागं जायला हवं, कारण हे पाच गुण मिळण्याची सोयच एके काळी नव्हती. उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि पुन्हा तपासून घेण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न महाराष्ट्राच्याच मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुंबई उच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं कौल दिला होता. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. पारितोष भूपेशकुमार सेठ प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. नियमात पडताळणी एवढीच असेल तर विद्यार्थ्याला त्याहून जास्त मागता येणार नाही, असा त्याचा अर्थ झाला. पुढं माहिती अधिकार आला आणि २०११ मध्ये केंद्रीय मंडळाच्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती विद्यार्थ्याला पाहता येते. मधल्या सत्तावीस वर्षांत किती उत्तरं मागच्या पानावर राहून गेली असतील, त्याचा हिशेब कुणाकडेच नाही. मात्र एक बारकावा लक्षात ठेवावा. २०११ चा निकाल उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क देतो. ती पुन्हा तपासून घेण्याचा हक्क आजही ज्या त्या मंडळाच्या नियमातूनच येतो.

आता मुलीच्या हातात दोन नवे कागद आले. पुनर्मूल्यांकनानंतरची सुधारित गुणपत्रिका, आणि प्रांत कार्यालयातून निघालेलं नवं नॉन क्रिमीलेअर. प्रवेशाच्या दोन फेऱ्या उरकल्या होत्या. वडिलांनी रात्री बसून अर्ज लिहिला. तो मी वाचला आहे. "माझ्या मुलीचे गुण वाढले असून नॉन क्रिमीलेअरही प्राप्त झाले आहे, तरी तिला पहिल्या फेरीपासून न्याय मिळावा व तिच्या पर्सेंटाइलप्रमाणे मिळणारे महाविद्यालय देण्यात यावे" अशी मागणी होती. प्रामाणिक अर्ज होता. पण कुणालाही मान्य करता येणार नाही असा.

अधीक्षकांना मी तो दाखवला. त्यांनी पेन्सिलीनं दोन कागदांच्या मध्ये एक उभी रेघ ओढली. "हे दोन वेगळे अर्ज आहेत," ते म्हणाले. "एकाला नियमाचं बळ आहे, दुसऱ्याला नाही. तुम्ही दोघांना एका दोरीत बांधलं की दुबळा मजबुताला घेऊन बुडतो."

मजबूत कोणता? गुणांचा. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत यासाठी स्वतंत्र तरतूद असते. पडताळणीमुळे पात्रता परीक्षेचे गुण बदलले आणि मंडळानं ते प्रमाणित केले, तर उमेदवारानं ताबडतोब कळवायचं, आणि त्या बदलाचा परिणाम फक्त पुढच्या फेऱ्यांसाठी धरला जातो. या वाक्याचा उत्तरार्ध वडिलांच्या अर्जातून निसटला होता. झालेल्या फेरीतलं वाटप कुणी परत उघडत नाही. ती जागा दुसऱ्या मुलाला मिळालेली असते आणि त्याचा काही दोष नसतो. "पहिल्या फेरीपासून न्याय" एवढ्या तीन शब्दांमुळे लिपिकाला टिपणीत 'मागणी नियमात बसत नाही' असं लिहिणं भाग पडलं असतं, आणि नियमात बसणारी अर्धी मागणीही त्याच वाक्याखाली गेली असती.

अधीक्षकांनी सांगितलं तसा अर्ज पुन्हा लिहिला गेला. एका पानाचा, सही मुलीची. वडील हयात असले तरी अर्जदार तीच, कारण नोंदणी तिच्या नावावर. तो असा होता:

प्रति,
मा. आयुक्त,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, महाराष्ट्र राज्य, मुंबई
(ई-छाननी केंद्रामार्फत)

विषय : पुनर्मूल्यांकनामुळे बारावीच्या गुणांत झालेल्या बदलाची नोंद घेऊन पात्रतेचा फेरविचार करणेबाबत.

संदर्भ : १) माझा प्रवेश अर्ज क्रमांक … २) छाननीत अपात्र ठरवल्याची नोंद, दि. … ३) मंडळाची सुधारित गुणपत्रिका, दि. …

महोदय,

संदर्भ क्र. २ नुसार भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांत मिळून ३०० पैकी १३१ गुण (४३.६७ टक्के) असल्याने मला खुल्या प्रवर्गात अपात्र ठरवण्यात आले आहे. पुनर्मूल्यांकनानंतर भौतिकशास्त्राचे गुण ४१ ऐवजी ४६ झाले असून तिन्ही विषयांची बेरीज आता १३६ (४५.३३ टक्के) आहे. मूळ व सुधारित अशा दोन्ही गुणपत्रिका सोबत जोडल्या आहेत.

गुणांतील बदल पुढील फेऱ्यांसाठी विचारात घेण्याची तरतूद माहितीपुस्तिकेच्या नियम क्र. … मध्ये आहे. त्यानुसार तिसऱ्या फेरीसाठी मला पात्र धरून माझे नाव गुणवत्ता यादीत घ्यावे, ही विनंती. याआधीच्या फेऱ्यांतील वाटपाबाबत माझी काही मागणी नाही.

सुधारित गुणपत्रिका मला दि. … रोजी मिळाली व हा अर्ज दुसऱ्याच दिवशी सादर करीत आहे.

आपली विश्वासू,

शेवटून दुसऱ्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य अधीक्षकांचं. घरच्यांना ते खटकलं होतं. आपणच आपला हक्क का सोडायचा? पण नसलेला हक्क सोडण्यात जात काहीच नाही, आणि समोरच्याची मोठी भीती जाते. फेरविचाराच्या प्रत्येक अर्जात कार्यालयाला एकच धास्ती असते, की हे मान्य केलं तर मागचं काय काय उकरावं लागेल. काहीही उकरावं लागणार नाही, हे अर्जदारानंच लिहून दिलं की सही करणाऱ्याचा हात हलका होतो.

शेवटच्या परिच्छेदातल्या तारखेचं महत्त्व तितकंच. कागद मिळाल्याची तारीख आणि अर्ज दिल्याची तारीख यांतलं अंतर पुढं प्रकरण न्यायालयात गेलं तर सगळ्यांत आधी मोजतात. वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात, एस. कृष्णा श्रद्धा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१९ मध्ये हे चांगलं उलगडलं आहे. विद्यार्थ्याची काही चूक नसताना प्रवेश नाकारला गेला असेल, आणि त्यानं हातपाय हलवायला उशीर केला नसेल, तर अपवाद म्हणून शेवटची तारीख उलटल्यावरही महिनाभराच्या आत त्याला प्रवेश देता येतो. वेळ पडली तर जागा वाढवूनही. तेही शक्य नसेल तर पुढच्या वर्षी. पण दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात, चूक नको आणि उशीर नको. निकाल एमबीबीएसपुरता आहे. तो दाखवून अभियांत्रिकीच्या कार्यालयात जागा वाढवून मागणाऱ्यांची निराशा होते. कार्यालयाला जागा निर्माण करण्याचा अधिकारच नसतो.

मूळ गुणपत्रिका जोडण्याबद्दलही एक शब्द. मुलं फक्त नवी जोडतात, जुनी लपवल्यासारखी ठेवतात. लिपिकाला तर फरक दाखवायचा असतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक दिसतो, नाहीतर त्याला तो संगणकावर शोधावा लागतो आणि सुधारित नोंद तिथं अजून आलेली नसेल तर प्रकरण 'मंडळाकडून खातरजमा होईपर्यंत प्रलंबित' होतं. आणखी एक अडचण मला नंतर कळली. पुनर्मूल्यांकनाच्या आशेवर असलेली काही मुलं 'आत्ता अपात्रच आहोत' म्हणून प्रवेशाची नोंदणीच करत नाहीत. मग गुण वाढतात, पण अर्ज क्रमांकच नसतो. ज्या अर्जाचा विचारच झाला नाही, त्याचा फेरविचार कसा करणार?

आता रेघेच्या दुसऱ्या बाजूचा कागद, नॉन क्रिमीलेअर. याचा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तिथंच आहे.

उशिरा आलेला कागद दोन प्रकारचा असतो. एक, जो नवी वस्तुस्थिती सांगतो. समजा शेवटच्या तारखेनंतर परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झालो, तर ती पात्रता त्या तारखेला नव्हतीच. दुसरा, जो जुनीच वस्तुस्थिती नव्यानं सिद्ध करतो. पात्रता होती, दाखला नव्हता. सुधारित गुणपत्रिका दुसऱ्या प्रकारची. उत्तर मार्चमध्येच लिहिलेलं होतं, त्याचे गुण जुलैमध्ये कागदावर आले. आणि नॉन क्रिमीलेअर? ते मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नावर मिळतं. ती वर्षं ३१ मार्चला संपली. म्हणजे जुलैच्या तारखेचं प्रमाणपत्रही मार्चअखेरची स्थितीच सांगतं. तर्कानं पाहिलं तर मुलगी सगळा वेळ त्या प्रवर्गातच होती, फक्त पुरावा शिळा झाला होता.

या तर्काला न्यायालयीन आधारही आहे. १९८० मध्ये केरळच्या वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला, चार्ल्स स्कारिया प्रकरण. पदविकाधारकांना दहा टक्के जादा गुण होते. काही उमेदवारांकडे पदविका होती, पण तिचा दाखला त्यांनी अर्जासोबत जोडला नव्हता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात पात्रता असणं आणि ती सिद्ध करणं या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. ठरलेल्या तारखेला पात्रता हवी, हे अटळ. ती कोणत्या कागदानं आणि कधी सिद्ध करायची, हे दुय्यम. २००४ मध्ये ओडिशाच्या डॉली छंदा प्रकरणात हाच धागा पुढं गेला. सैनिकांच्या मुलांसाठीच्या राखीव जागेचा प्रश्न होता. जिल्हा सैनिक मंडळानं दिलेल्या प्रमाणपत्रात चूक होती, ती दुरुस्त करून आणेपर्यंत प्रवेश नाकारला गेला होता. चूक तिची नव्हती, आणि राखीव जागेवरचा तिचा हक्क खरा होता. न्यायालयानं प्रवेश द्यायला सांगितलं.

मग मुलीचा दावा पक्का झाला का? नाही. २०२३ च्या दिव्या विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं घड्याळाचा काटा बराचसा उलटा फिरवला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र ठरावीक तारखेपर्यंत हातात असलं पाहिजे, अशी नियमातच स्पष्ट अट होती. ज्यांच्याकडे ते त्या तारखेला नव्हतं, त्यांना 'आम्ही गरीब तर होतोच' म्हणून सुटता आलं नाही. नियमानंच तारीख आणि नमुना बांधून दिला असेल तर पुरावा दुय्यम राहत नाही, तो अटीचाच भाग होतो. तेव्हा स्कारियाचं नाव अर्जात लिहिण्याआधी आपली माहितीपुस्तिका नेमकं काय म्हणते ते वाचावं. 'प्रवर्गातील असावा' असं म्हणते, की 'अमुक तारखेपर्यंत प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा खुल्या प्रवर्गात धरले जाईल' असं? आपल्या केंद्रीय प्रवेशात हे दुसरं वाक्य असतं.

म्हणून दुसऱ्या अर्जात मुलीचं सगळं वजन एका कागदावर होतं, १८ जूनच्या पोचपावतीवर. तिनं प्रमाणपत्र उशिरा काढलं असं म्हणून भागणार नव्हतं. मागणी मुदतीत केली होती, पावती मुदतीतली होती, चढवताना चुकीची प्रत गेली, एवढंच म्हणायचं होतं. चूक कार्यालयावर ढकलायची नाही आणि पूर्ण आपलीही म्हणायची नाही, हे वाक्य लिहायला वेळ लागला. शेवटी असं ठरलं: "दि. १८ जून रोजीची पोचपावती माझ्याकडे उपलब्ध असताना अनवधानाने मुदत संपलेल्या प्रमाणपत्राची प्रत सादर झाली." त्याखाली पावतीचा क्रमांक, नव्या प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि मागणी: उर्वरित फेऱ्यांसाठी प्रवर्ग पूर्ववत करावा, मान्य होत नसल्यास कारणासह लेखी कळवावे.

'कारणासह लेखी' हे शब्द आगाऊपणाचे वाटतात, घरच्यांनाही वाटले. "साहेब चिडतील," वडील म्हणाले. अधीक्षक हसले. "चिडू देत. तोंडी 'नाही'वर कुणाकडेच जाता येत नाही, बाबा." कागदावरचं नाही घेऊन प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे जाता येतं. व्यावसायिक प्रवेशांचं नियमन करणारं हे प्राधिकरण २०१५ च्या राज्याच्या कायद्यान्वये आहे, आणि त्याच्यापुढे उच्च न्यायालय. तिथं पहिला प्रश्न असतो, तुम्ही आधी कुणाकडे काय मागितलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली अर्जाची दुसरी प्रत हे त्याचं उत्तर असतं. लॉगिनमधून तक्रार टाकली असेल तर त्या पानाची तारखेसकट छापील प्रत. ईमेल पाठवून गप्प बसलेल्यांकडे यातलं काहीच नसतं.

दोन्ही अर्ज एकाच दिवशी, वेगवेगळ्या पाकिटांत, छाननी केंद्रावर दिले. पहिला मान्य झाला. तिसऱ्या फेरीआधी मुलीच्या लॉगिनमध्ये 'पात्र' दिसलं आणि तिसऱ्या फेरीत जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात तिला विद्युत अभियांत्रिकीला जागा मिळाली. तिला संगणक हवं होतं. पहिल्या फेरीत तिच्याइतक्या पर्सेंटाइलला प्रवर्गातून ते मिळालंही होतं, ती यादी तिनं पाहिली आहे. दुसरा अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीचं, विहित मुदतीत वैध प्रमाणपत्र अथवा पोचपावती सादर केलेली नाही.

प्रवर्ग हुकण्यात नुसती शाखा गेलेली नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्यासाठी प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. मुलीचा प्रवेश केंद्रीय फेरीतला आहे, पण नोंद खुल्या प्रवर्गातली. सवलतीचा अर्ज भरायला बसल्यावर हे ध्यानात आलं. आता वडील नामंजुरीचं पत्र, १८ जूनची पावती आणि शिक्क्याची प्रत घेऊन प्राधिकरणाकडे तिसरा अर्ज करताहेत. त्यात शाखा बदलून मागितलेली नाही. फक्त प्रवर्गाची नोंद दुरुस्त करून मागितली आहे, शुल्कापुरती.